तबला जरा मागे घ्या

गायनवर्गाची गुरुपौर्णिमा असो, सोसायटीच्या हॉलमधली दिवाळी पहाट असो की कुणाच्या घरची बैठक, चित्रीकरण नंतर पाहताना बहुतेक वेळा एकच तक्रार निघते. गाणं छान झालं होतं, पण व्हिडिओत तबलाच तबला ऐकू येतोय. ख्यालातल्या बारीक जागा, शब्दांची फेक, तंबोऱ्याची आस सगळं मागे राहतं आणि चाटेवरचा प्रत्येक ‘ना’ कानाशी येऊन वाजतो. कार्यक्रम पुन्हा होणार नसतो, गायकाचा आणि तबल्याचा वेगळा ट्रॅक कुणी घेतलेला नसतो. हातात असते ती एकच फाइल, तीत सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले.

काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा फाइलचं फारसं काही करता येत नसे. आज घरच्या संगणकावर, पैसे न मोजता, तबला बराच मागे नेता येतो. पण तो कुठवर न्यायचा आणि कुठे थांबायचं हे कळलं नाही, तर हाती येतं ते मूळच्या फाइलपेक्षा वाईट.

आधी तबला एवढा पुढे का येतो ते पाहू. दोष तबलजींचा क्वचितच असतो. सभागृहात गायकाचा आवाज स्पीकरमधून येतो आणि तबला तसाही, माइक नसला तरी, लांबवर पोचतो. कॅमेरा पहिल्या रांगेजवळ, त्यातही तबल्याच्या बाजूला ठेवला, की त्याच्या स्वतःच्या माइकला तबला थेट मिळतो आणि गाणं मात्र स्पीकरमधून, भिंतींवरून फिरून येतं. त्यात फोन आणि साधे कॅमेरे आवाजाची पातळी आपणहून कमी-जास्त करत राहतात. दणका बसला की यंत्र सगळाच आवाज खाली खेचतं आणि मग हळूहळू वर आणतं. याची परीक्षा सोपी आहे. गायकाचा लांब लावलेला एखादा स्वर ऐका. समेच्या ‘धा’बरोबर तो स्वर क्षणभर दबतोय आणि पुन्हा उचलला जातोय असं वाटलं, तर हे खेचणं झालेलं आहे. ते लक्षात ठेवा, कारण त्याचा परिणाम पुढे शेवटपर्यंत सोबत राहणार आहे.

हातातलं पहिलं हत्यार म्हणजे इक्वलायझर. आवाजाच्या खालच्या, मधल्या किंवा वरच्या पट्ट्यातला ठरावीक भाग कमी-जास्त करायचा. माणूस म्हणतो, तबला जिथे वाजतो तो पट्टा खाली ओढू, झालं काम. ते होत नाही, आणि का होत नाही हे एका उदाहरणावरून चटकन कळेल.

समजा गायक पुरुष आहे, काळी एकमध्ये गातोय. त्याचा मध्य सप्तकातला षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्याच षड्जावर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. तबला गायकाच्या वरच्या षड्जाला मिळवलेला असतो, म्हणजे २७७ हर्ट्झला, आणि त्याची आस २७७च्या पटीत ५५४, ८३१ अशी वर चढत जाते. डग्ग्याचा घुमारा शंभरच्या खाली सुरू होतो आणि मनगट दाबलं की वर सरकतो. चाटेचा टणत्कार दोन-तीन हजारांपासून पाच-सहा हजारांपर्यंत पसरतो. आता गायकाकडे बघा. तार षड्ज म्हणजे तेच २७७. आवाजातली स्पष्टता, शब्द कळण्याचा भाग, दोन ते चार हजारांत, म्हणजे चाटेच्या टणत्काराच्याच जागी. तबला गायकाच्या स्वरात मिळवलेला आहे म्हणूनच तो त्याच्याच जागी बसतो. २७७ खाली ओढलं तर तार षड्जच पोकळ होतो, तीन हजार खाली ओढलं तर गायक घोंगडीआडून गातोय असं वाटतं. एकट्या इक्वलायझरने दोन-तीन डेसिबलचा दिलासा मिळतो, त्यापलीकडे नाही.

म्हणून आधी आवाज वेगळे करायचे आणि मग वेगवेगळे हाताळायचे. याला स्टेम सेपरेशन म्हणतात, आणि वेगळ्या झालेल्या प्रत्येक भागाला स्टेम. शिजलेल्या खिचडीतून तांदूळ आणि डाळ पुन्हा वेगळी काढावी, तसलं हे काम आहे, आणि निकालही त्याच प्रकारचा लागतो. बरंचसं वेगळं होतं, पण डाळीला थोडा भात चिकटलेला राहतो.

या कामाचं फुकट आणि भरपूर वापरलं जाणारं साधन म्हणजे मेटा कंपनीच्या संशोधकांनी खुलं केलेलं ‘डेमक्स’. ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी ‘अल्टिमेट व्होकल रिमूव्हर’ नावाचं बटणांचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याच्या आतही डेमक्स चालवता येतं. डेमक्सचं नेहमीचं प्रारूप मिश्रणाचे चार भाग करतं: ड्रम्स, बास, गायन आणि ‘इतर’. नेमका इथेच आपला प्रश्न सुरू होतो.

हे प्रारूप शिकलं कशावर? दीडशे गाण्यांचा एक सार्वजनिक संग्रह आणि आणखी आठशे गाणी. ती मुख्यतः पाश्चात्त्य पॉप-रॉक धाटणीची. ज्यात ड्रमसेट आहे, बास गिटार आहे, अशी. त्यामुळे त्याच्या हिशेबी ड्रम म्हणजे एक ठोका, ज्याला ठाम स्वर नाही आणि जो लगेच विरतो. तबला तसा नाही. शाईच्या थरामुळे चाटेच्या कंपनांमधली उपस्वरांची घडी जवळपास तंतुवाद्यासारखी बसते, म्हणून तबल्याला पक्का स्वर असतो आणि तो गायकाच्या षड्जाला मिळवता येतो. चं. वें. रामन यांनी एस. कुमार यांच्यासोबत १९२० साली ‘नेचर’मध्ये हेच दाखवलं होतं, साध्या ढोलाचे उपस्वर बेसूर असतात आणि आपल्या तबला-मृदंगाचे सुरेल. शंभर वर्षांनंतर या गुणाचा गंमतशीर फटका बसतो. ‘ना’चा पहिला आघात प्रारूपाला ड्रम वाटतो, पण त्यामागून येणारी आस त्याला वाद्याचा स्वर वाटते. डग्ग्याचा सरकता घुमारा त्याला बास गिटारसारखा भासतो. परिणामी एकच बोल तीन फाइलींत वाटला जातो.

हे माहीत नसलं की ठरलेली फसगत होते. माणूस ड्रम्सची फाइल एकदम बंद करतो आणि ऐकतो, तर तबला गेलेला नाही, त्याचं डोकं तेवढं उडालंय. आघात नाही, नुसती घुमणारी आस उरलेली. ते भुतासारखं ऐकू येतं.

आता एक काम सुरुवातीपासून करून पाहू. आपलंच उदाहरण घेऊ: काळी एकमधला पुरुष गायक, यमनचा विलंबित एकताल आणि मग मध्य लय तीनताल, साथीला तबला, हार्मोनियम आणि दोन तंबोरे. फाइल एकच, कॅमेऱ्यातून आलेली, नाव `maifil.mp4`. आवाज बाहेर काढायला ffmpeg नावाचं मोफत साधन लागतं.

```
ffmpeg -i maifil.mp4 -vn -af volume=-6dB -ac 2 -ar 44100 maifil.wav
demucs -n htdemucs maifil.wav
```

पहिल्या ओळीत सहा डेसिबल कमी का केले? कारण डेमक्सची एक खोड आहे. वेगळी काढलेली एखादी फाइल कमाल पातळीच्या वर जातेय असं दिसलं, तर तो ती एकटी आपणहून लहान करतो. मग चारही फाइलींचं आपसातलं प्रमाण बिघडतं आणि आपल्याला कळतही नाही. आधीच थोडी जागा सोडली की तो प्रसंग सहसा येत नाही. दुसरं, इथे mp3 वापरू नका. mp3 करताना आवाजाच्या सुरुवातीला किंचित उशीर शिरतो आणि नंतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. शेवटपर्यंत wav.

साध्या लॅपटॉपवर, ग्राफिक्स कार्ड नसेल तर, फाइलच्या लांबीच्या दीडपट वेळ धरून चाला. म्हणून सगळी मैफल एकदम घालू नका. मध्य लयीतली, तान आणि तबला दोन्ही जोरात असलेली दोन मिनिटं निवडा आणि आधी तीच चालवून पाहा. त्यासाठी पहिल्या ओळीत `-i`च्या आधी `-ss 00:24:00 -t 120` असं लिहिलं की चोविसाव्या मिनिटापासूनची दोन मिनिटं निघतात.

`separated/htdemucs/maifil` या फोल्डरमध्ये `drums.wav`, `bass.wav`, `vocals.wav` आणि `other.wav` मिळतात. त्या चारही ऑडॅसिटीसारख्या कुठल्याही मोफत संपादकात एकाखाली एक ठेवा. सुरुवातही एकाच ठिकाणी हवी, मिलिसेकंदाचाही सरकाव नको. काहीही न बदलता चारही एकत्र वाजवा. ते मूळ आवाजासारखंच वाटलं पाहिजे. नसेल वाटत तर कुठली तरी फाइल लहान झालीय किंवा सरकलीय. पुढे जाण्याआधी ते निस्तरा.

मग एकेक फाइल एकटी ऐका. हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळं शहाणपण खरं तर इथेच आहे. हेडफोन लावा, कागद-पेन घ्या. ड्रम्समध्ये चाटेचे आघात, ‘तिरकिट’चे तुकडे, ‘धा’चा वरचा भाग मिळेल. त्याबरोबर गायकाची काही व्यंजनंही आढळतील. ‘त’, ‘ट’, ‘क’, ‘ध’ ही व्यंजनं आघातासारखीच सुरू होतात, तेव्हा प्रारूप त्यांचा पुढचा कण उचलून ड्रम्समध्ये टाकतं. बंदिशीच्या शब्दांत हे थोडंच होतं, पण तराण्यात ‘दिर दिर’, ‘तोम’ची झड लागली की गायकाचे बोल आणि तबल्याचे बोल यांत त्याचा पार गोंधळ उडतो. समेवर गायकाने मांडीवर मारलेली थापही तबल्यासोबत इथेच येते. बासमध्ये डग्ग्याचा घुमारा, शिवाय तंबोऱ्याचा खर्ज. ‘इतर’मध्ये तंबोरे, हार्मोनियम आणि चाटेची आस. गायनाच्या फाइलमध्ये गायक आणि त्याच्या मागोमाग जाणारी हार्मोनियम. साथीदाराने तान तंतोतंत पकडली असेल, तिथे ती गायकाला चिकटूनच येते. ती सोडवायचा प्रयत्न करू नका.

आता मूळ मुद्दा, किती कमी करायचं. माझं स्पष्ट मत आहे की ड्रम्सची फाइल सहा डेसिबलपर्यंत कमी करावी, फार तर आठ. सहा डेसिबल म्हणजे तरंगाची उंची निम्मी. ऐकणाऱ्याला आवाज निम्मा वाटायला दहाच्या आसपास लागतात, पण आपल्याला तबला निम्मा करायचाच नाही, गायकाच्या मागे बसवायचाय.

याहून खोल जाऊ नये, याला एक पक्कं कारण आहे. वेगळं करताना गायनाच्या फाइलमध्ये ठिकठिकाणी भोकं पडतात, जिथे प्रारूपाने चुकून गायकाचा कण तबल्याकडे दिला. तबला मूळ पातळीवर असेल तर ते कण तिकडून परत येऊन भोक बुजवतात. तबला सहा डेसिबलने खाली आणला तरी अर्धा कण परत येतो आणि कानाला ठेच लागत नाही. तबला पूर्ण बंद केला की भोकं उघडी पडतात. आवाज पाण्याखालून आल्यासारखा, लाटा येऊन गेल्यासारखा होतो, शब्दांच्या सुरुवाती पुसट होतात. तबल्याशिवायचं गाणं हवं असेल तर या वाटेला जाऊ नये, ही वाट तबला मागे घेण्याची आहे.

आपल्या उदाहरणात मांडणी अशी बसेल. ड्रम्स उणे सहा. बास उणे चार, कारण त्यात तंबोऱ्याचा खर्जही आहे आणि तो फार गेला तर सगळी बैठक हलकी पडते. गायन आणि ‘इतर’ जागच्या जागी. हे आकडे म्हणजे सुरुवात. तिथून कान सांगेल तिकडे एकेक डेसिबलने सरका.

राहिली ती ‘इतर’मधली चाटेची आस, आणि हा यातला सगळ्यात चिवट भाग. इक्वलायझरने २७७ कापावं तर तंबोऱ्याच्या षड्जाचा उपस्वर नेमका तिथेच आहे, हार्मोनियमचाही. सूर पातळ होतो. इथे कॉम्प्रेसर जास्त उपयोगी पडतो. तंबोरा आणि हार्मोनियम एकसारख्या पातळीवर वाहतात, चाटेची आस मात्र उसळी मारून येते. कॉम्प्रेसरचा उंबरठा तंबोऱ्याच्या पातळीच्या जरा वर लावा, प्रमाण तीनास एक, पकडायला पाच मिलिसेकंद, सोडायला दीडशे. मग तो तंबोऱ्याला हात लावत नाही, फक्त उसळी दाबतो. मीटरवर पाहा, दोन ठोक्यांच्या मधल्या जागी काटा शून्यावर यायला हवा. येत नसेल तर उंबरठा फार खाली लागलाय आणि तंबोराही दबतोय.

आता इक्वलायझर, त्याच्या योग्य जागी. ड्रम्सच्या फाइलमध्ये गायकाचे थोडे कण सोडले तर दुसरं काही नाही, म्हणून तिथे तो मोकळेपणी वापरता येतो. आधी कुठे कापायचं ते कानावर सोडू नका, मोजा. गायक थांबलेला आहे आणि तबलजींनी एक मोकळा ‘ना’ दिलाय अशी जागा निवडा आणि ऑडॅसिटीत Analyze मधलं Plot Spectrum उघडा. काळी एकच्या तबल्यात २७७च्या आसपास आणि त्याच्या पटींवर शिखरं दिसतील. तबला थोडा चढला-उतरला असेल तर आकडाही तसा सरकेल. तुमच्या फाइलचा आकडा घ्या, या लेखातला नको. त्यातलं सर्वांत उंच शिखर अरुंद पट्टीने तीन-चार डेसिबल खाली. टणत्कार कानाला टोचत असेल तर चार हजारांच्या आसपास रुंद पट्टीने तीन डेसिबल. डग्गा अजून बुमबुमत असेल तर बासच्या फाइलमध्ये नव्वदच्या आसपास तीन डेसिबल, पण ६९ला धक्का लावू नका, तिथे खर्ज आहे.

टणत्कार उतरवताना हात आखडता ठेवा. चाटेच्या वरच्या भागातच बोलांची ओळख आहे. तो फार कापला तर ‘ना’ आणि ‘तीं’ सारखेच वाजू लागतात आणि ठेका ऐकणाऱ्याला मात्रा सापडत नाही. विलंबित एकतालात तर एकेक मात्रा इतकी लांब, की कुठे आहोत हे तबलाच सांगतो. एक कसोटी ठेवा. डोळे मिटून दोन आवर्तनं ऐका आणि समेवर हात द्या. हात अडखळला, तर तुम्ही तबला गरजेपेक्षा मागे नेलाय.

गायनाच्या फाइलला फारसं काही करावं लागत नाही. तीन हजारांच्या आसपास रुंद पट्टीने एक-दीड डेसिबल वर केलं तर शब्द पुढे येतात. त्याहून जास्त केलं की ‘स’ आणि ‘श’ चावायला लागतात, शिवाय वेगळं करताना राहिलेला खरखरीत किस वर येतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. तबला सगळीकडे सारखाच कमी करायचा नसतो. गायकाने थांबून तबलजींना जागा दिली, त्यांनी एखादा तुकडा किंवा मुखडा मांडून सम गाठली, की तिथे तबला हाच मुख्य आवाज आहे. ठुमरीच्या शेवटची लग्गी, नाट्यगीतातली दाद घेणारी तिहाई, तिथेही तसंच. अशा जागी ड्रम्स आणि बासची फाइल पुन्हा मूळ पातळीवर न्या आणि गाणं सुरू होताना परत खाली आणा. ऑडॅसिटीत त्यासाठी एन्व्हलप आहे, पातळीच्या रेषेवर बिंदू लावून ती वर-खाली ओढायची. चढ-उतार एका झटक्यात नको, अर्ध्या-एका सेकंदात सावकाश. तबलजींनी आपल्या वाजवण्याची वाट लावली असं म्हणू नये, याची ही खबरदारी आहे. शक्य असेल तर व्हिडिओ लोकांपुढे ठेवण्याआधी त्यांना एकदा ऐकवाच.

सगळं बसलं की चारही फाइली एकत्र करून एक wav काढा. इथे एक आनंदाची बाब समोर येते. मूळ फाइलमध्ये पातळीची कमाल तबल्याचे ठोके ठरवत होते, त्यांच्यामुळे सगळा आवाज खाली ठेवावा लागत होता. ठोके उतरले की वर जागा मोकळी होते. एकूण आवाज आता चार-पाच डेसिबल वर नेता येतो, फक्त सर्वोच्च ठोका उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. गायक जवळ आल्यासारखा वाटतो, त्यात या वाढीचाही वाटा असतो.

शेवटी हा आवाज चित्राला जोडायचा.

```
ffmpeg -i maifil.mp4 -i nava.wav -map 0:v:0 -map 1:a:0 -c:v copy -c:a aac -b:a 256k maifil_nava.mp4
```

`-c:v copy` मुळे चित्र जसंच्या तसं राहतं, पुन्हा दाबलं जात नाही, आणि तासाभराचा व्हिडिओही थोड्या वेळात होतो. आवाज आणि चित्र जुळलंय का हे तपासायला तबल्यासारखं दुसरं साधन नाही. चाटेवर बोट पडताना दिसतं आणि त्याच क्षणी ‘ना’ ऐकू यायला हवा. सुरुवातीला एकदा आणि अगदी शेवटी एकदा, दोन्ही ठिकाणी पाहा. सुरुवातीला जुळतं आणि शेवटी नाही, असं झालं तर मध्येच कुठेतरी आवाज कापला गेलाय.

निकाल किमान दोन ठिकाणी ऐका, हेडफोनवर आणि फोनच्या स्पीकरवर. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला डग्गा झेपतच नाही, तिथे फक्त चाट ऐकू येते. नुसतं फोनवर ऐकून ठरवलं तर डग्गा तसाच राहतो, आणि मोठ्या स्पीकरवर ऐकणारा पाहुणा पहिल्या समेलाच दचकतो.

या पद्धतीने काय सुधारत नाही तेही सांगायला हवं. सुरुवातीला पाहिलेलं, ठोक्याबरोबर गायकाचा आवाज दबण्याचं खेचणं तसंच राहतं. उलट तबला मागे गेल्यावर ते जास्त उघडं पडतं, कारण आता दणका नाही आणि स्वर मात्र विनाकारण श्वास घेतल्यासारखा खालीवर होतो. गायनाच्या फाइलवर एन्व्हलपने हातानेच त्या जागा भरून काढता येतात, पण मध्य लयीत ते काम किचकट आहे. चांगल्या बंदिशीतल्या दोन-चार समांपुरतं करा आणि सोडून द्या. ठोक्यांवर आवाज फाटला असेल, तरंगाची टोकं सपाट कापलेली दिसत असतील, तर तिथे मूळ आवाज नाहीच. तो वेगळा करून परत आणता येत नाही. आणि मोठ्या, घुमणाऱ्या सभागृहात तबल्याचा पडसाद गायकाच्या आवाजात इतका मिसळलेला असतो की गायनाच्या फाइलमध्ये मागे एक पुसट तबला वाजतच राहतो. अशा वेळी ड्रम्स आणखी खाली नेण्यात अर्थ नसतो. थेट आघात जातो, पडसाद राहतो, आणि तबला शेजारच्या खोलीत वाजतोय असा भास होतो. पडसाद जास्त असेल तर तीन-चार डेसिबलवरच थांबावं.

मूळ फाइल मात्र कधीही पुसू नका, पुढची साधनं आजच्याहून चांगली येतील तेव्हा तीच लागेल. आणि पुढचा कार्यक्रम ठरला की चित्रीकरणवाल्याला एक सांगून ठेवा. कॅमेरा कुठेही ठेव, पण एक छोटा रेकॉर्डर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोड, आणि जमलं तर त्यात गायकाचा माइक वेगळ्या ट्रॅकवर घे. त्या एका वायरने जे मिळतं, ते चारही स्टेम मिळून देऊ शकत नाहीत.